शेवटच्या ओळीला टिंब नाही

कौशल्यानं फोटो मशिनीवर आदळला, तेव्हा शामला हेडाऊ कोणाच्या तरी जातीच्या दाखल्याचा अर्ज टाईप करत होती. दोन खिळे एकमेकांत अडकले आणि कागदावर एक काळा फराटा उठला.

"पाय," कौशल्या म्हणाली. "पाय, का झालं हे."

फोटो म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं. तळहाताएवढ्या कागदावर काळ्या वांग्याचा रंग चढला होता, कडेला तपकिरी डाग. फक्त वरच्या कोपऱ्यात बोटभर पट्टी पांढरी राहिली होती आणि त्यात लॅबच्या नावाची दोन अक्षरं.

"कुठं ठेवला होता?"

"आरशाच्या चौकटीत खोचला होता. हरवू नाही म्हणून डोळ्यासमोर ठेवला. आठ महिने झाले."

"उन्हात?"

"खिडकीसमोर आरसा नाही तर का चुलीसमोर राहते?"

शामलानं अडकलेले खिळे बोटानं सोडवले. पुढची ओळ तिनं मारली नाही. तो फोटो कशाचा होता हे तिला पक्कं आठवत होतं, कारण मार्च महिन्यात त्यावरून रिपोर्ट तिनंच टाईप केला होता.

कौशल्याचा नवरा कवडू कोराडीला वीजकेंद्रावर एका ठेकेदार कंपनीत क्रेन चालवायचा. सहा वर्षं चालवली. मार्चमध्ये एकदा त्याला भोवळ आली, आणि कंपनीनं एका लहानशा खाजगी लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं. रिपोर्टवर साखर जास्त आहे म्हणून कवडू 'अनफिट', क्रेनवरून खाली, आणि महिनाभरात कंपनीतूनच बाहेर. रिपोर्टाचा कागद कंपनीच्या सक्करदऱ्यातल्या कचेरीत होता. तिथल्या एका कारकुनानं एका तासापुरता तो कौशल्याच्या हातात दिला. तासाभरात तिनं ओमप्रकाशच्या स्टुडिओत त्याचा फोटो काढून घेतला, कागद परत केला, आणि ओला-सुका फोटो घेऊन शामलाच्या दुकानात आली. युनियनला तीन प्रती हव्या होत्या. एकेक फोटो काढायचा म्हणजे फार खर्च. टाईप केलेली खरी प्रत, खाली सही, शिक्का, बस.

आता कंपनी म्हणत होती, मूळ कागदाची फाईल मोठ्या कचेरीत गेली, सापडत नाही. ती लॅब पावसाळ्याआधीच बंद झाली होती आणि चालवणारा गाव सोडून गेला होता. फोटोचं हे असं झालं. म्हणजे जगात त्या रिपोर्टाचं उरलेलं एवढंच, शामलानं टाईप केलेला एक पानाचा तक्ता.

"गुरुवारी कामगार कचेरीत सुनावणी आहे," कौशल्या म्हणाली. "कंपनीचा वकील म्हणून राहिला का कापी बनावटी आहे. तू येशील अन् सांगशील, फोटोत हेच होतं."

"सांगीन ना. मी ताडून पाहिल्याशिवाय सही करत नाही."

"तेच सांग. फक्त तेवढंच सांग. जास्तीचं बोलू नको."

"मले कसं बोलायचं ते तू शिकवू नको वं."

कौशल्यानं पदर कमरेला खोचला. "शिकवत नाही. तुह्या तोंडाची मले भीती वाटते, म्हणून सांगून राहिली."

ती गेली. काळा फोटो तसाच मशिनीवर राहिला.

शामलाच्या तोंडाची भीती सगळ्या सक्करदऱ्याला होती. तिचा बाप उमरेडला मागावर नऊवारी विणायचा. सासरही विणकरांचंच, तलावामागच्या गल्लीत. नवरा दोन वर्षं नांदला आणि मग कुहीला धानाच्या गिरणीवर कामाला गेला, तो तिकडंच दुसरं घर करून बसला. सासऱ्यानं तिला ना हाकललं, ना जवळ केलं. माग विकले गेले तेव्हा मागाची खोली रिकामी झाली, आणि शामलानं महाल भागात जाऊन टायपिंग शिकून घेतलं. परीक्षेत तिची गती मिनिटाला पन्नास शब्द आली. मास्तर म्हणाले होते, बाई, नोकरी धरा. तिनं नोकरी धरली नाही. जुनी एक मशीन आणली, मागाच्या खोलीत टेबल टाकलं. नंतर आणखी तीन मशिनी. सकाळी मुली शिकायला येत, दुपारी प्रती.

वकिलांच्या कारकुनांत तिच्या प्रतींना मान होता. त्याचं कारण तिचा हट्ट. मूळ कागदावर चूक असेल तर ती चूक तशीच मारायची. अक्षर लागलं नाही तर अंदाज करायचा नाही, तिथं रेघ आणि बाजूला 'वाचता येत नाही'. रिकामी जागा असेल तर तिथंही रेघ, आणि बाजूला 'मुळात नाही'. एकदा एका कारकुनानं सांगितलं, बाई, इथं तारीख राहिली आहे, घालून टाका, सगळ्यांना माहीत आहे. तिनं कागद मशिनीतून ओढून त्याच्या हातात दिला. "सगळ्याइले माहीत आहे तर सगळ्याइकडून टाईप करून घे."

आणि टिंबं. प्रत मारून झाली की तिची नणंद तारा मूळ कागद हातात धरून मोठ्यानं वाचायची. शामला दुकानात ठेवायच्या कार्बन प्रतीवर नजर ठेवायची, आणि जुळलेल्या प्रत्येक मजकुराखाली लाल पेन्सिलीनं एक टिंब द्यायची. सगळी टिंबं झाली की मगच सही. तारा हळू वाचायची. गिऱ्हाईक वैतागायचे. शामला त्यांना वैतागू द्यायची.

शामला उठली, कपाटातला मार्चचा गठ्ठा काढला, आणि कवडूची कार्बन प्रत शोधली. पाहायला नाही. मिळाली म्हणजे गुरुवारी नेता येईल म्हणून.

चार रकाने. तपासणीचं नाव, आकडा, एकक, नॉर्मल. रकान्यांच्या खुणा तिनं मशिनीवर स्वतः बसवल्या होत्या, दशांशाचं टिंब टिंबाखाली आलं होतं. हिमोग्लोबिन १२.८, ग्रॅम परसेंट, नॉर्मल १४ ते १८. ईएसआर २२, एककाच्या जागी रेघ आणि 'मुळात नाही', नॉर्मल ० ते १५. पांढऱ्या पेशी. युरिया. कोलेस्टेरॉल. बिलिरुबिन. आणि शेवटी, सातवी ओळ, ब्लड शुगर फास्टिंग, ११८, एमजी परसेंट, ८० ते १२०.

सात ओळी, चार रकाने. अठ्ठावीस टिंबं. तिनं नुसती नजर फिरवली, आणि नजर सातव्या ओळीवर अडकली.

नावाखाली टिंब होतं. ११८ खाली होतं. एमजी परसेंटखाली होतं. ८० ते १२० खाली काही नव्हतं.

तिनं कागद उजेडात नेला. पेन्सिलीचा ओरखडासुद्धा नाही.

"तारे," तिनं आतल्या खोलीत हाक दिली. "इकडं ये. मार्चमधला कवडूचा रिपोर्ट तूच वाचला ना?"

तारा हातातलं पीठ झटकत आली. कागद पाहिला. "मीच वाचला असन. दुसरं कोण वाचते."

"शेवटची ओळ पुरी वाचली का?"

तारानं शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "शुगर एकशे अठरा, एमजी परसेंट, एवढं वाचलं. मंग त्या बाईनं माह्या हातातून फोटो ओढला. म्हणे झालं ना, झालं, बस चालली कोराडीची. तू तिच्यावर ओरडली होतीस. आठवत नाही का?"

शामलाला आठवलं. कौशल्या दारात एक पाय आत आणि एक बाहेर करून उभी होती. बस कोपऱ्यावर हॉर्न देत होती. शामलानं ओरडून 'थांब' म्हटलं होतं, कौशल्या थांबली नव्हती, आणि मग शामलानं सही केली होती. टाईप करताना तर सगळं पाहिलंच होतं ना, असं म्हणून.

पाहिलं होतं का?

फोटोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चमक होती. ओमप्रकाशनं कागद तिरका धरला असावा, त्या कोपऱ्यावर दिव्याचा झोत पडून आकडे पुसट झाले होते. तिनं तो फोटो हलवून, खाली-वर करून पाहिला होता, एवढं आठवत होतं. पण तिथं ८० होतं की ६०, हे तिला आठवत नव्हतं. आणि जितकं आठवायला गेली तितकं कळलं, की तिच्या बोटांना तो आकडा आधीच माहीत होता. रोज दोन-तीन रिपोर्ट ती टाईप करायची. बहुतेक लॅबच्या छापील कागदांवर उपाशीपोटी साखर ८० ते १२० असंच असायचं. नव्या रीतीनं मोजणाऱ्या लॅबच्या कागदांवर ६० ते १०० असायचं. दोन्ही तिनं पाहिले होते. पण बोटं वळायची ती ८० ते १२० कडं.

११८. एका नॉर्मलात बसते, दुसऱ्यात बसत नाही. कवडूचा सगळा झगडा त्याच एका खान्यात होता.

"आता एक टिंब देऊन टाक," तारा म्हणाली. "कोणाले समजते?"

शामलानं तिच्याकडं पाहिलं. ताराला पुढचं बोलायचं होतं, ते तिनं गिळलं आणि पिठाकडं निघून गेली.

संध्याकाळी शामला ओमप्रकाशच्या स्टुडिओत गेली. काउंटरवर काळा फोटो ठेवला.

"याची निगेटिव्ह दे."

ओमप्रकाशनं फोटो पाहिलाही नाही. "बाईजी, मार्चची निगेटिव्ह? त्या तर दिवाळीआधीच चांदीवाल्याला दिल्या. जुन्या फिल्ममधून चांदी निघते, माहीत आहे ना तुम्हाले."

"अन् हे काळं काहून झालं?"

"उन्हात ठेवला त्यांनी."

"उन्हात ठेवलेले तुह्या दुकानातले सगळे फोटो पांढरे आहेत. तिकडं पाय, ती लग्नाची जोडी, दहा वर्षं झाली असतील. हायपोत, फोटो पक्का करायच्या पाण्यात, पुरा ठेवला नव्हता तू. कच्चा काढला अन् ओला दिला."

"त्याच बाईला घाई होती, मले नव्हती," ओमप्रकाश म्हणाला. "अन् तुमच्यासारखी सही मी नाही करत कशावर. मी फोटो काढतो. झालं." त्यानं फोटो दोन बोटांनी तिच्याकडं सरकवला, जणू त्यावर काहीतरी लागलं होतं.

बुधवारी युनियनचा बाबनराव आला. कवडूची केस तोच चालवत होता. त्यानं मशिनीवरचा कागद काढून बाजूला ठेवला, न विचारता, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर बसला.

"उद्या अकरा वाजता, शामलाबाई. मी विचारीन, ही प्रत तुम्ही मूळ फोटोशी ताडून केली का. तुम्ही म्हणायचं, हाव. खाली बसायचं."

"शेवटच्या खान्याचं मले हाव म्हणता येणार नाही."

तिनं कार्बन प्रत पुढं केली. बाबनरावनं ती पाहिली, आणि टेबलावरून उतरून उभा राहिला.

"हे तुम्ही कोणाले दाखवलं?"

"ताराले."

"अन् कोणाले दाखवू नका. कचेरीतला साहेब कार्बन मागणार नाही."

"मागितली नाही तरी मी सांगीन."

"का म्हणून राहिल्या तुम्ही, तुम्हाले कळते का?" बाबनरावचा आवाज चढला, आणि शिकणाऱ्या दोन मुलींनी टायपिंग थांबवलं. "तो माणूस आठ महिने घरी बसून आहे. क्रेनवर चढणारा माणूस रस्त्यावर गिट्टी फोडून राहिला. अन् तुमचं एक टिंब. एक टिंब तुम्हाले घालता येत नाही?"

"ज्या जागी पाहिलं नाही तिथं नाही घालता येत."

"पाहिलं असन तुम्ही. टाईप करताना पाहिलंच असन."

"असन का नसन, ते मले माहीत नाही. म्हणून तर."

बाबनराव दारापर्यंत गेला आणि मागं वळला. "तुमचा नवरा कुहीले का पळाला ते आज समजलं मले."

मुलींपैकी एक हसली. शामलानं तिच्याकडं पाहिलं तेव्हा तिनं मान खाली घालून 'एएसडीएफ' मारायला घेतलं.

गुरुवारी कामगार कचेरीच्या खोलीत पंखा होता पण चालू नव्हता. मधे साहेब, एका बाजूला कंपनीचे मोहरील वकील, दुसऱ्या बाजूला बाबनराव आणि कवडू. कवडूचे हात मांडीवर होते आणि तो ते हात सोडून कुठंच पाहत नव्हता. कौशल्या दाराशी उभी होती.

मोहरीलांनी आधी कंपनीच्या डॉक्टरांचं पत्र वाचलं. रक्तातली साखर मोजायच्या दोन रीती आहेत, त्यात लिहिलं होतं. जुन्या रीतीत साखरेसारखे दुसरेही पदार्थ मोजले जातात, म्हणून तिच्यात नॉर्मल ८० ते १२० धरतात. नव्या रीतीत ६० ते १००. तेव्हा नॉर्मल हा रकाना त्या लॅबचा, त्या रीतीचा असतो, आणि एका लॅबचा नॉर्मल दुसऱ्या लॅबच्या आकड्याला लावता येत नाही.

"आमच्या डॉक्टरांच्या माहितीप्रमाणे त्या लॅबमध्ये नवी रीत होती," मोहरील म्हणाले. "आणि या बाईंच्या प्रतीत मात्र ८० ते १२०. फोटो काळा, आणि स्टुडिओवाला म्हणतो निगेटिव्ह चांदीवाल्याकडं. सोयीचं आहे."

"कंपनीची फाईल हरवली तेही सोयीचंच आहे," बाबनराव म्हणाला.

साहेबांनी पेन्सिल टेबलावर आपटली. "बाई, ही प्रत तुमची?"

"हो, साहेब."

"मूळ फोटोशी ताडली?"

शामलानं पिशवीतून कार्बन प्रत काढली. बाबनराव खुर्चीत मागं रेलला आणि त्यानं डोळे मिटले.

"सत्तावीस खाने ताडले, साहेब. एक नाही ताडला." तिनं कागद साहेबांसमोर ठेवला आणि बोट लावलं. "हे लाल टिंब म्हणजे वाचून जुळवलं. शेवटच्या नॉर्मलखाली टिंब नाही. ते ८० ते १२० मी फोटोत पाहून मारलं, का सवयीनं बोटं गेली, ते मले सांगता येत नाही. तिथं फोटोवर चमक होती. मी तिथं रेघ मारायला पाहिजे होती. 'वाचता येत नाही' लिहायला पाहिजे होतं. नाही लिहिलं."

मोहरीलांचा चेहरा उजळला. "म्हणजे मुळात ६० ते १०० होतं."

"तेही मी पाहिलं म्हणू शकत नाही."

"बाई, दोनच तर आकडे आहेत. हे नाही तर ते."

"तुमच्यासाठी दोन आहेत, वकीलसाहेब. माह्यासाठी एक कोरी जागा आहे."

"मग ही सगळी प्रतच कोरी समजा. जिनं एक आकडा घातला तिनं बाकीचेही घातले असतील."

शामलाचं नाक फुगलं. हे तिला ओळखणाऱ्यांना कळलं असतं. "वर पाहा. ईएसआर. त्याचं एकक लॅबवाल्यानं लिहिलंच नव्हतं. मले ते पाठ आहे, दर रिपोर्टात असते, पहिल्या तासाला इतके मिलिमीटर. घालून दिलं असतं तर कोणाच्या बापाले कळलं नसतं. तिथं मी रेघ मारली अन् 'मुळात नाही' लिहिलं. माह्या हाताची एक चूक झाली, ती मी तुमच्यासमोर आणून ठेवली. तुमची फाईल कोणाच्या हातानं हरवली, त्याले आणा अन् असंच उभं करा."

साहेब कार्बन प्रत बराच वेळ पाहत राहिले. एकेक टिंब त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं मोजलं असावं. मग म्हणाले, "बाजूच्या खोलीत मशीन आहे. नवी प्रत करून द्या. जे ताडलं तेवढंच."

बाजूच्या खोलीतल्या मशिनीचा 'ई' खाली बसायचा. शामलानं खुणा बसवल्या, सात ओळी मारल्या. शेवटच्या खान्यात रेघ. खाली लिहिलं: ब्लड शुगरच्या नॉर्मलचा रकाना मूळ छायाचित्राशी ताडलेला नाही, छायाचित्र आता वाचण्यासारखे नाही. मग कार्बन प्रत शेजारी ठेवून, स्वतःच मोठ्यानं वाचून, तिनं सत्तावीस टिंबं दिली. रेघेखाली अठ्ठाविसावं टिंब दिलं, कारण रेघ आता खरी होती. आणि सही केली.

साहेबांनी तीच प्रत घेतली. निकाल लांबला नाही. ११८ हा आकडा धरला, पण कोणत्या नॉर्मलात तो तोलायचा हे या कागदावरून ठरत नाही. तेव्हा काढलं ते चूक होतं असं म्हणता येत नाही, बरोबर होतं असंही नाही. कवडूचं रक्त सरकारी दवाखान्यात नव्यानं तपासावं. फिट निघाला तर कंपनीनं त्याला घ्यावं, पण नव्या तारखेपासून. मागची सहा वर्षं यात जोडता येणार नाहीत.

बाहेर व्हरांड्यात कौशल्या वाट पाहत होती. कवडू तिच्या मागं.

"सहा वर्षं," कौशल्या म्हणाली. "सहा वर्षं कोळशाच्या धुळीत वर चढला हा. ते सगळं पुसून आता तो नवा पोट्टा झाला. कोणामुळं?"

"माह्यामुळं," शामला म्हणाली.

"मंग एवढं खोटं बोलता आलं नाही? आमच्यासाठी नाही तर तुह्या शिक्क्यासाठी तरी."

"शिक्क्यासाठीच नाही बोलली."

"तुह्या शिक्क्याले आग लागो."

"लागन तेव्हा लागन." शामलानं पिशवी खांद्यावर घेतली. तिला तेवढ्यावर थांबता आलं असतं. थांबली नाही. "अन् ऐक. ताराच्या हातातून फोटो तू ओढला होता. बस चालली म्हणून."

कौशल्यानं मान खाली घातली. तिलाही ते आठवलं, हे तिच्या मानेवरून दिसलं.

"म्हणजे आता दोष माहाच."

"थोडा तुह्या हाताचा. बाकी पुरा माह्या सहीचा. फोटो तू ओढला, सही मी केली. तू ओढल्यावर सही करायची नव्हती."

कवडू पहिल्यांदाच बोलला. "चल," तो बायकोला म्हणाला. "हिच्याशी बोलून का फायदा. ही तर मशीनच आहे." ते दोघं पायऱ्या उतरून गेले.

त्या आठवड्यापासून बाबनरावचे कागद येईनासे झाले. मग त्याच्या ओळखीच्या वकिलांचे कारकून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जाऊ लागले. शिकणाऱ्या सात मुलींपैकी तीन राहिल्या. ओमप्रकाशनं गल्लीत सांगून ठेवलं होतं, की हेडाऊबाई भर कचेरीत स्वतःलाच चूक म्हणते, तिच्या प्रतीवर कोण भरोसा ठेवीन. एक दिवस ताराही बोलली. "आता दोन मशिनी विकून टाक. धूळ खाऊन राहिल्या."

"धूळ पूस," शामला म्हणाली.

पण तिनं एक काम केलं. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची एक पट्टी कापली, आणि रिपोर्ट टाईप करताना मूळ कागदावरचा नॉर्मलचा रकाना त्या पट्टीनं झाकून ठेवायला लागली. आधी तीन रकाने मारायचे. मग पट्टी काढायची, आणि ओळीगणिक मूळ कागदाकडं मान वळवून, एकेक नॉर्मल. वेळ दुप्पट लागायचा. तारा म्हणायची, डोकं फिरलं हिचं.

डिसेंबरात, दुपारी, कौशल्या आली. तिनं चपला बाहेर काढल्या नाहीत. टेबलावर कागद ठेवला, दवाखान्याचा, शिक्क्याचा, फोटो नाही, खराखुरा कागद.

"तीन कापी पाहिजेत. बाबनराव म्हणे दुसरीकडं जा. पण महालात गर्दी आहे." ती शामलाकडं न पाहता बोलत होती. "डोळे उघडे ठेवून मार."

शामलानं कागद वाचला. ब्लड शुगर फास्टिंग, ९६, एमजी परसेंट, नॉर्मल ६० ते १००. खाली डॉक्टरची सही. कौशल्याला तो आकडा आधीच माहीत होता, तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

"तेव्हा का होतं मंग?" कौशल्यानं विचारलं. "मार्चमध्ये? ६० होतं का ८०?"

"मले माहीत नाही."

"आता तरी सांग. आता कोण विचारते."

"आताही माहीत नाही."

कौशल्यानं तोंड फिरवलं. शामलानं कागद चढवले, तीन कार्बन, तीन प्रती, आणि चौथी दुकानाची. पट्टी लावली. तीन रकाने. पट्टी काढली. मान वळवली, ६० ते १००. मग कागद बाहेर काढला आणि लाल पेन्सिल कौशल्यापुढं ठेवली.

"तारा बाजारात गेली. ताडायले तू बस."

"मले इंग्रजी येत नाही."

"आकडे येतात. भाजीचं माप घेते ना. नावं मी वाचते, आकडे तू पाय. इकडचा अन् तिकडचा एकच आहे का. असला तर खाली टिंब दे. नसला तर सांग."

कौशल्यानं पेन्सिल हातात घेतली. तिला ती नीट धरता येत नव्हती. पहिलं टिंब मोठं आणि वाकडं पडलं. शामलानं वाचलं, कौशल्यानं दोन्ही कागदांवर बोट ठेवून पाहिलं, टिंब दिलं. अर्ध्यात असताना कोपऱ्यावरून कोराडीच्या बसचा हॉर्न आला.

कौशल्या उठली. शामलानं तळहात दोन्ही कागदांवर ठेवला.

"खाली बस."

"बस गेली तर दुसरी तासानं आहे."

"जाऊ दे."

कौशल्यानं तिच्याकडं असं पाहिलं, जसं त्या दिवशी व्हरांड्यात पाहिलं होतं. पण बसली. हॉर्न आणखी एकदा आला आणि मग लांब गेला. शामलानं पुढची ओळ वाचली. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या खान्यावर कौशल्यानं दोन वेळा बोट फिरवलं, इकडं आणि तिकडं. ओठ हलवून आकडा मनात म्हटला. मग टिंब दिलं, इतकं दाबून की कागद जरासा फाटला.

"झालं?"

"हाव."

शामलानं सही केली. शिक्का मारला. कौशल्यानं तीन प्रती घडी करून पोलक्यात घातल्या, मूळ कागद वेगळा पिशवीत, आणि दाराबाहेर जाऊन रिकाम्या कोपऱ्यावर पुढच्या बसची वाट पाहत उन्हात उभी राहिली. आत येऊन बसायला तिनं विचारलं नाही. शामलानंही हाक दिली नाही.